रोबोनं शहाणपणा करायचा नाही

माझी धाकटी बहीण एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं, आणि संगणक कक्ष म्हणून एक खोली आहे जिथे तीन संगणक धूळ बसू नये म्हणून चादर पांघरून बसलेले असतात. गेल्या वर्षी तिनं मला फोन केला, "दादा, तू इतकी वर्षं प्रोग्रॅमिंग करतोयस ना, मग एक तास येऊन माझ्या पोरांना शिकव की. संगणक नाही लागायचा असं काहीतरी." मीही मोठ्या उत्साहात हो म्हणालो. संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचं ही काही माझी कल्पना नव्हे. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल यांनी माइक फेलोज आणि इयन विटन यांच्या साथीनं १९९० च्या दशकात असे खेळ रचले, आणि ते 'अनप्लग्ड' या नावानं जगभर पोचले. पत्ते, दोऱ्या, खडू आणि मुलांची स्वतःची शरीरं, एवढंच सामान. मी त्यातलाच एक साधा प्रकार निवडला. एका मुलानं रोबो व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला कार्डांवरच्या सूचना देऊन ठरलेल्या जागी पोचवायचं.

आज जे लिहितोय ते या तासाबद्दल, आणि मुख्य म्हणजे मी तो पहिल्यांदा कसा वाया घालवला त्याबद्दल. कारण अगदी तसाच वाया जाताना तो मी नंतर दोन-तीन ठिकाणी पाहिला, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी टाळ्या वाजल्या.

आधी मांडणी सांगतो. वर्गात शहाबादी फरशी होती, साधारण दोन-दोन फुटांची. म्हणजे चौकटी आखायचीसुद्धा गरज नाही! खडूनं पाच बाय पाच फरशांचा एक चौकोन बाहेरून आखून घेतला. फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या कोपऱ्यातली आपल्या जवळची फरशी ही सुरुवात. तिथून तीन फरशा उजवीकडे आणि दोन फरशा पुढे, तिथे एक पेरू ठेवला. दोन दप्तरं अडथळा म्हणून ठेवली. एक सुरुवातीपासून सरळ पुढे दुसऱ्या फरशीवर, दुसरं सुरुवातीपासून सरळ उजवीकडे तिसऱ्या फरशीवर. रोबो सुरुवातीला फळ्याकडे तोंड करून उभा. जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूला मी तीन प्रकारची कार्डं केली होती. 'पुढे', 'उजवीकडे' आणि 'डावीकडे', प्रत्येकावर एक ठसठशीत बाण. पुढे म्हणजे एक फरशी पुढे जायचं. उजवीकडे आणि डावीकडे म्हणजे जागच्या जागी काटकोनात वळायचं. (या बाणांनी पुढे काय घोळ घातला ते येईलच.)

पहिला तास झकास झाला. मी एकेका गटाला बोलवायचो, गटातली मुलं एक कार्ड उचलून रोबोला दाखवायची, रोबो तेवढं करायचा, मग मुलं पुढचं कार्ड उचलायची. "पुढे!" "उजवीकडे!" "अरे नाही नाही, डावीकडे!" असा दंगा. प्रत्येक गट पेरूपर्यंत पोचला. टाळ्या, फोटो वगैरे. बहीण खूश, मी त्याहून खूश.

पुढच्या शनिवारी मी मुलांना एक कागद दिला. त्यावर तीच चौकट, तीच दप्तरं, तोच पेरू. खाली लिहायचं, कुठली कार्डं कुठल्या क्रमानं. अठ्ठावीसपैकी सहा कागद बरोबर आले. सहा! ज्या मुलांनी आठवडाभरापूर्वी तोच रोबो त्याच पेरूपर्यंत नेला होता, त्यांना तीच वाट कागदावर लिहिता येईना. काहींनी दोन कार्डं लिहून सोडून दिली होती.

घरी येताना एस.टी.त मी यावर बराच विचार केला. आणि लक्षात आलं की पहिल्या तासाला मुलांनी काहीच क्रम रचला नव्हता. त्यांनी गाडी चालवली होती. एक सूचना द्यायची, काय झालं ते डोळ्यांनी बघायचं, मग पुढची द्यायची. यात प्रत्येक वेळी फक्त एकच प्रश्न असतो की आत्ता या क्षणी कुठे वळू? त्याचं उत्तर समोर उभं असतं. रिमोटची मोटार चालवणाऱ्या पोराला तेवढंच करावं लागतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र तिसरं कार्ड ठेवताना पहिल्या दोन कार्डांनंतर रोबो कुठे असेल आणि त्याचं तोंड कुठे असेल हे मनात धरावं लागतं, रोबो अजून सुरुवातीच्या फरशीवरच उभा असताना. तीच तर सगळी गोम आहे. आणि मी नेमकी तीच काढून टाकली होती.

तेव्हा माझं पहिलं मत असं की कार्डं एकेक करून दाखवायची असतील तर तास घेऊच नये. त्यापेक्षा लंगडी खेळवावी, व्यायाम तरी होतो. सगळी कार्डं आधी जमिनीवर ओळीनं मांडून व्हायला हवीत, आणि रोबो चालायला लागला की एकाही कार्डाला हात लावायचा नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हा नियम करूनच गेलो. चार-चार मुलांचे गट. दोघांनी मिळून कार्डं मांडायची, हे लिहिणारे. एकानं वाचायचं, आणि वाचताना चालू कार्डावर एक खडा ठेवायचा म्हणजे आपण कुठे आहोत ते सगळ्यांना दिसतं. चौथा रोबो. रोबोनं कार्डं मांडताना पाठ करून उभं राहायचं. (हे महत्त्वाचं. नाहीतर त्याला बेत कळतो आणि मग तो कार्डांप्रमाणे न चालता बेताप्रमाणे चालतो.) आणि रोबोला एकच तंबी, की शहाणपणा करायचा नाही. कार्डावर जे आहे तेच, तेवढंच. समोर दप्तर आलं तर दप्तराला पाय लावून थांबायचं, वळसा घालायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण हे सगळ्यात अवघड काम आहे. मुलं एकमेकांना सांभाळून घेतात. मैत्रिणीचं कार्ड चुकलंय हे दिसत असताना मुद्दाम चुकीच्या दिशेनं पाऊल टाकणं त्यांच्या जिवावर येतं. एक मुलगी रोबो असताना दप्तरापाशी आली, क्षणभर थांबली आणि गुपचूप शेजारच्या फरशीवर सरकली. मी म्हटलं, "अगं, असं कुठलं कार्ड होतं?" ती म्हणाली, "सर, दप्तर लाथाडायचं का मग?" आता याला काय उत्तर देणार! पण त्या एका सरकण्यानं तिच्या गटाची चूक झाकली गेली, आणि जी चूक दिसत नाही ती सुधारायची कशी? तेव्हापासून वाचणाऱ्याला मी आणखी एक काम दिलं. रोबोनं कार्डाबाहेर काही केलं की "शहाणपणा!" असं ओरडायचं. हे काम मुलांना भलतंच आवडलं, हे सांगायला नकोच.

आता त्या दिवशीचा एक गट सविस्तर सांगतो, कारण या एका गटानं मला जे शिकवलं ते मी त्यांना शिकवलं त्याहून जास्त होतं.

दोन मुलग्यांनी पाच कार्डं मांडली: पुढे, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, पुढे. चेहऱ्यावर काम फत्तेचा भाव. वाचणाऱ्यानं वाचायला सुरुवात केली. पुढे. रोबो एक फरशी पुढे गेला. उजवीकडे. रोबो जागीच वळला, आता तोंड खिडकीकडे. उजवीकडे. तोंड मागे, मुलांकडे. उजवीकडे. तोंड दाराकडे, म्हणजे डाव्या बाजूला. मुलं हसायला लागली, कारण रोबो भोवऱ्यासारखा फिरत होता. शेवटचं कार्ड, पुढे. रोबो चौकटीबाहेर पडून दाराशी गेला!

मी विचारलं, "कुठलं कार्ड चुकलं?" दोघंही एकदम म्हणाले, "शेवटचं." का? तर त्या कार्डाला रोबो बाहेर गेला म्हणून. त्यांनी शेवटचं 'पुढे' काढून तिथे आणखी एक 'उजवीकडे' ठेवलं. पुन्हा चालवलं. आता रोबो एक फरशी पुढे गेला आणि चार वेळा वळून परत होता तसाच फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. वर्गात हशा. त्या दोघांचे चेहरे मात्र गंभीर.

इथे मी तोंड बंद ठेवलं. (बहिणीनं नंतर सांगितलं की तिला वाटलं मीच विसरलो.) मी फक्त एवढंच म्हणालो की खडा पहिल्या कार्डावर ठेवा आणि प्रत्येक कार्डाआधी सांगा, आता काय होईल असं तुम्हाला वाटतंय. पहिलं कार्ड, "एक पाऊल पुढे." तसंच झालं. दुसरं कार्ड, "एक पाऊल उजवीकडे जाईल." रोबो जागीच वळला. "थांब!" म्हणजे चूक दिसली पाचव्या कार्डावर, पण ती होती दुसऱ्यावर. मधल्या कार्डांवर ती नुसती वाढत गेली. मी वीस वर्षं जे काम करतो त्यात डोकं फुटायची वेळ येते ती बहुतेक याच कारणानं. बोंब जिथे होते तिथे चोर नसतो. सहावीतल्या पोरांना हे सांगून समजलं नसतं, पण एक मुलगा दाराशी जाऊन उभा राहिला आणि मग खडा मागे मागे न्यावा लागला, तेव्हा ते आपोआप दिसलं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या दोघांतला एक माझ्यापाशी आला आणि कार्ड पुढे करून म्हणाला, "पण सर, बाण तर उजवीकडे सरळ आहे. वळायचा कुठाय?" मी बघितलं. खरंच! मी 'उजवीकडे' कार्डावर सरळ आडवा बाण काढला होता. त्यावरून कोणीही समजेल की उजवीकडच्या फरशीवर जायचं. तोंडी मी 'वळायचं' म्हणालो होतो, पण कार्ड काही तसं म्हणत नव्हतं.

आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या अर्थानं ती पाच कार्डं वाचून बघा. एक फरशी पुढे, तीन फरशा उजवीकडे सरकायचं, एक फरशी पुढे. रोबो बरोबर पेरूवर! दोन्ही दप्तरं चुकवून. म्हणजे त्यांचा प्रोग्रॅम चुकलेला नव्हताच. तो दुसऱ्या भाषेत लिहिलेला होता, जिथे रोबो कधी वळतच नाही, नुसता चारी दिशांना सरकतो. घरी जाऊन मी आधीच्या शनिवारचे ते कागद पुन्हा काढले. चुकीचे म्हणून फुली मारलेल्यांपैकी अकरा कागदांवर हीच पाच कार्डं होती. अकरा मुलांना मी नापास केलं होतं माझ्या बाणाच्या चुकीसाठी. पुढच्या वेळी वर्गात जाऊन ते सांगितलं आणि कागदावरच्या फुल्या खोडल्या. सोपं नव्हतं, पण न सांगून कसं चालेल? कार्डाचा एकच अर्थ असला पाहिजे, हा तर त्या तासाचा पहिला धडा. आणि तो मोडणारा मीच.

यावर कुणी म्हणेल, मग सरकणारी भाषाच का नाही ठेवत, सोपी आहे की. ठेवता येते, लहान वर्गांना तीच ठेवावी. पण सहावी-सातवीला मी वळणारी भाषा आग्रहानं ठेवतो. सरकणाऱ्या भाषेत कार्डांवरून वाट नुसती मोजता येते. तीन उजवीकडे म्हणजे तीन उजवीकडे, आधी काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. वळणाऱ्या भाषेत 'पुढे' या कार्डाचा अर्थ त्याच्या आधीच्या सगळ्या वळणांवर अवलंबून असतो. एकच कार्ड, पण कधी ते फळ्याकडे नेतं, कधी खिडकीकडे. क्रम म्हणजे काय हे इथे कळतं. बाण तेवढे मी बदलले, आता वळणाच्या कार्डावर गोल वळलेला बाण असतो आणि 'उजवीकडे वळ' असं क्रियापदासकट लिहिलेलं असतं.

या भाषेत पेरूपर्यंत सात कार्डं लागतात: पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे. आणि इथे दुसरी हमखास चूक होते. मधल्या तीन 'पुढे'च्या जागी मुलं चार ठेवतात. कारण बोट ठेवून मोजताना ती उभ्या फरशीपासूनच एक म्हणतात. फरशा चार आहेत, पण पावलं तीन. हाताला बोटं पाच असली तरी बेचक्या चारच असतात, तसं. ही चूक ओळखायची खूण अगदी ठरलेली आहे. रोबो सगळी वळणं बरोबर घेतो आणि पेरूच्या बरोब्बर एक फरशी पलीकडे उभा राहतो. असं दिसलं की वळणांना हात लावायला देऊ नये, 'मोजायला कुठून सुरुवात केलीस?' एवढंच विचारावं. मोठ्या माणसांच्या प्रोग्रॅममध्येही ही एकानं चुकण्याची चूक इतकी नेहमीची आहे की मला त्या पोरांचं हसू आलं नाही, आपलेपणाच वाटला.

तिसरी अडचण डाव्या-उजव्याची. रोबो फळ्याकडे तोंड करून असतो तोवर सगळं ठीक चालतं, कारण त्याचा उजवा तोच आपला उजवा. पण रोबोला फळ्यापाशी उभं करून मुलांकडे तोंड करायला लावलं की चांगली हुशार मुलंसुद्धा गडबडतात. यावर उपाय शरीराचाच. कार्ड ठेवण्याआधी उठायचं, रोबोच्या मागे जाऊन त्याच्याच दिशेनं तोंड करून उभं राहायचं, आणि स्वतः वळून बघायचं. दोन-तीन तासांनी मुलं उठेनाशी होतात, बसल्या जागी नुसते खांदे वळवतात, आणि नंतर तेही थांबतं. हे बघताना मला सीमोर पेपर्ट आठवले. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली, जिच्यात एक कासव पडद्यावर किंवा जमिनीवर फिरतं. कासवाची गणितं मुलांना जमतात कारण ती स्वतःला कासवाच्या जागी ठेवून, स्वतःच्या अंगानं विचार करू शकतात, असं त्यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात मांडलं. त्या वळणाऱ्या खांद्यांमध्ये मला ते साक्षात दिसलं.

आता, कुणाला समजलं आणि कुणी नुसता दंगा केला हे कसं ओळखायचं? पेरूपर्यंत पोचणं ही काही खूण नाही, ते मी पहिल्याच तासाला अनुभवलं होतं. मला जी खूण सापडली ती अशी. ती बरोबर सात कार्डं जमिनीवर मांडून मी त्यातली दोन अदलाबदल करतो, आणि रोबोला न चालवता विचारतो, आता काय होईल? पहिलं आणि दुसरं कार्ड बदललं, म्हणजे आधी वळला आणि मग पुढे गेला, तर तो खालच्याच ओळीतून चालत जाऊन तिसऱ्या पावलाला दप्तरावर आपटेल. कार्डं तीच, तेवढीच, पण पेरू गेला. मग मी तिसरं आणि चौथं कार्ड बदलतो. दोन्ही 'पुढे'च. मुलं आधी उत्साहानं "आपटेल!" म्हणतात, मग एकेक जण गप्प होतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "काहीच नाही होणार." कुठे क्रम बदलून चालतो आणि कुठे नाही, हे न चालता जो सांगू शकतो त्याला क्रम समजला. बाकीच्यांना अजून चालायला द्यावं, त्यात काही कमीपणा नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेतच. कार्डांचा खेळ म्हणजे संगणक नव्हे. माणूस रोबो कितीही तंबी दिली तरी कधीतरी शहाणपणा करतोच, आणि यंत्र कधीच करत नाही, हा फरक शेवटी यंत्रासमोरच कळतो. शिवाय सात-आठ कार्डांच्या पलीकडे गेलं की चालणाऱ्याचे पाय दुखतात आणि बघणारे कंटाळतात. म्हणून चार तासांनंतर आम्ही त्या तीन संगणकांवरच्या चादरी काढल्या, त्यातले दोन चालू झाले, आणि त्यावर लोगो टाकलं. लोगोतलं कासव सुरुवातीला वर तोंड करून असतं, अगदी आमच्या रोबोसारखं. एक फरशी म्हणजे पन्नास पावलं धरली की ती सात कार्डं अशी होतात:

```
FD 50
RT 90
REPEAT 3 [FD 50]
LT 90
FD 50
```

मुलांना हे वाचायला शिकवावं लागलं नाही. इंग्रजी अक्षरांशी झटापट झाली तेवढीच. एका मुलीनं REPEAT बघून विचारलं, "म्हणजे 'तीन वेळा' असं कार्ड का?" आणि मग मागे वळून म्हणाली, "सर, आपण उगाच तीन-तीन कार्डं ठेवत होतो." खरं सांगायचं तर ते कार्ड माझ्याकडे तयार होतं, पण मी मुद्दाम दिलं नव्हतं. तीन-तीन कार्डं ठेवून कंटाळा आल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला, तेव्हापासून कार्डं आणि खडूचे असे तास बऱ्याच ठिकाणी होतात. चांगलंच आहे. मला फक्त भीती वाटते ती माझ्या पहिल्या तासाची. त्यात सगळं होतं. मुलं हलत होती, कार्डं होती, प्रत्येक गट जिंकला, फोटो छान आले. आणि शिकणं शून्य. कारण कुठेही चूक व्हायला जागाच नव्हती. प्रत्येक कार्डानंतर सुधारायची सोय होती. दुसऱ्या तासाला निम्मे गट पेरूपर्यंत पोचले नाहीत, फोटो कुणी काढले नाहीत, आणि मधल्या सुट्टीत दोन पोरं व्हरांड्यात खडूनं चौकट आखून 'शहाणपणा! शहाणपणा!' करत एकमेकांवर ओरडत होती.

बहिणीला विचारलं, पुढच्या वर्षी येऊ का? ती म्हणाली, "तू नाही आलास तरी चालेल. फक्त ती कार्डं ठेवून जा. आणि दादा, बाण नीट काढून."

ठेवून आलो. गोल बाणांची.